अंतरपाट खाली येतो तेव्हा फोन काय करतो

लग्नाचा अल्बम आणि दोन तासांची फिल्म आजही मोठा कॅमेरा असलेला फोटोग्राफरच करतो. ती हातात पडायला महिना-दीड महिना सहज जातो. पण बार्शी, करमाळा, परांडा अशा गावांतही आता दुसरी एक मागणी रुजली आहे. लग्न आज लागलं की आज रात्रीच किंवा फार तर उद्या सकाळी एक मिनिटाचा उभा व्हिडिओ हवा. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं, आणि हळूहळू हे काम करणारी मुलं गावोगाव तयार झाली. त्यांच्याकडे स्टुडिओ नाही, संगणक नाही. एक बरा फोन, पॉवर बँक आणि फार तर एक माईक, एवढ्यावर ती लग्नं, दुकानं आणि शाळांची संमेलनं करतात.

या कामात कुणी तरबेज आहे की नाही, हे लग्नातल्या एका क्षणी कळतं. मंगलाष्टकं संपत आलेली असतात, वधू-वरांमध्ये पांढरा अंतरपाट धरलेला असतो, मामा मागे उभे असतात. शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री सुरू होते, अक्षता उडतात. नवरीच्या चेहऱ्यावर जे यायचं ते त्या पहिल्या सेकंदात येऊन जातं, आणि नेमक्या त्याच सेकंदाला फोन दगा देतो.

त्याचं कारण साधं आहे. आपण काही सांगितलं नाही तर फोन सगळं स्वतःच ठरवतो: किती उजेड घ्यायचा, कशावर फोकस धरायचा, कोणता रंग पांढरा मानायचा. समोर जे दिसेल त्याचा मध्यम उजेड यावा, असा त्याचा हिशोब असतो. अंतरपाट धरलेला असताना चौकटीत मोठा भाग पांढऱ्या कापडाचा असतो, त्यावर स्टेजचे दिवे पडलेले असतात. फोनला वाटतं, उजेड फार झाला, म्हणून तो सगळं चित्र काळपट करतो. कापड सरलं की मागे गव्हाळ चेहरा आणि गडद शालू येतो. फोनला नवा हिशोब मांडायला साधारण सेकंदभर लागतो, फोकसही कापडावरून चेहऱ्यावर यायला धडपडतो. परिणामी तो क्षण अंधारा आणि धूसर येतो, आणि चित्र स्वच्छ होतं तोवर नवरी हार घालायला पुढे झालेली असते. एडिटिंगमध्ये उजेड थोडा वाढवता येतो, पण सुटलेला फोकस कोणत्याही ॲपने परत येत नाही.

यावर उपाय म्हणजे फोनला आधीच बांधून ठेवणं. नवरी बोहल्यावर येऊन उभी राहिली की, अंतरपाट धरण्याआधी, स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं. आयफोनवर AE/AF LOCK अशी अक्षरं उमटतात, बहुतेक अँड्रॉइड फोनवर कुलपाची खूण येते. मग शेजारची सूर्याची खूण किंचित खाली ओढायची, म्हणजे नथ आणि दागिन्यांची चमक पांढरी फटक होत नाही. आता कापड येवो की जावो, उजेड आणि फोकस जागचे हलत नाहीत. मात्र एक पथ्य पाळावं लागतं: कुलूप लावल्यावर आपण पुढे-मागे सरकायचं नाही, कारण फोकस त्या अंतरासाठी बांधलेला असतो. चेहरा आधी मिळालाच नाही, तर नवरीला लागून उभ्या असलेल्या करवलीच्या चेहऱ्यावर कुलूप लावावं. तिच्यावर तोच उजेड असतो आणि अंतरही जवळपास तेवढंच.

उभं कुठे राहायचं हेही तेव्हाच ठरवून टाकावं. दोघांचे चेहरे एकाच वेळी नीट मिळत नाहीत. नवरदेवाच्या खांद्यामागून तिरकं उभं राहिलं की नवरी समोर येते आणि कापडाची कडा बाजूला राहते. मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोग्राफरशी आधी बोलून घ्यावं. त्याची जागा अडवायची नाही, हा या धंद्यातला पहिला शिष्टाचार आहे. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. ऐन मुहूर्तावर कुणाचा तरी ‘हॉल कुठं आहे’ विचारायला फोन येतो, आणि कित्येक फोनांवर तेवढ्यानेच रेकॉर्डिंग थांबतं.

दुसरी अडचण मंगल कार्यालयाच्या दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधा ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला ते कळत नाही. फोन मात्र चित्र एकेक ओळ करून वाचतो, म्हणून काही ओळी उजळ आणि काही काळसर येतात. व्हिडिओवर पट्टे सरकताना दिसतात ते यामुळे. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की दिव्याची पूर्ण उघडझाप प्रत्येक फ्रेममध्ये सारखीच पकडली जाते आणि पट्टे जातात. फोनमध्ये प्रो व्हिडिओ नसेल, तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप बऱ्याच फोनांवर चालतं.

पण अक्षतांचा स्लो मोशन सगळ्यांनाच हवा असतो, आणि तिथे हा उपाय चालत नाही. सेकंदाला १२० फ्रेम घ्यायच्या, तर एकेक फ्रेम १/१२० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडी राहूच शकत नाही. दिव्याची उघडझाप त्यात मावत नाही, आणि अक्षता पडताना सगळा हॉल लुकलुकतो. म्हणून मुहूर्ताच्या बऱ्याच आधी, हॉलचे सगळे दिवे लावून घेऊन, दहा सेकंदांचा स्लो मोशन काढून पाहावा. लुकलुक दिसली तर अक्षता साध्या वेगात घ्याव्यात आणि स्लो मोशन हळदीसाठी राखून ठेवावा. हळद बहुतेक अंगणात, दिवसाउजेडी लागते, आणि उन्हात उडणारं पाणी आणि हळद अक्षतांपेक्षाही सुंदर दिसते.

रात्री हाताशी ३५-४० मिनिटांचं चित्रण असतं, आणि व्हायचं असतं ६० सेकंदांचं काम. व्हीएन किंवा इनशॉट उघडण्याआधी मी सगळं एकदा पाहतो आणि आवडलेल्या तुकड्यांना गॅलरीतच फेव्हरिटची खूण करतो. एक तुकडा सरासरी दोन सेकंदांचा धरला तर लागतात जेमतेम तीस. सुरुवातीचे तीन सेकंद अंतरपाट सरतानाचे आणि नवरीच्या चेहऱ्याचे, कारण पाहणारा तिथेच थांबतो किंवा पुढे सरकतो. मग मागे जाऊन सकाळ: हळद, मेंदीचे हात, तयार होताना आईने सारखी केलेली नथ. पुढे वरात आणि मांडव मिळून पंधरा-सोळा सेकंद. चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास पुन्हा मंगलाष्टकं, पण आता मूळ आवाजासकट, आणि ‘सावधान’नंतर तोच शॉट न कापता पाच-सहा सेकंद पूर्ण. शेवटी हार, पाया पडणं, पाठवणी.

मूळ आवाज ठेवण्याबद्दल मी आग्रही आहे. आठवड्याभराने जुन्या होणाऱ्या गाण्यापेक्षा भटजींचा आवाज, सनई आणि मागे कुणीतरी ‘अगं, अक्षता दे की’ म्हणालेलं घरच्यांना दहा वर्षांनीही हवं असतं. त्यासाठी स्टेजजवळच्या मोठ्या स्पीकरपासून लांब उभं राहावं लागतं, नाहीतर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

कापड दुकानाच्या रीलमध्ये हीच कुलुपाची गोष्ट रंगाच्या रूपाने येते. मालक गादीवर एकामागून एक साड्या उलगडतो. लाल साडी चौकटभर आली की फोन पांढऱ्याचा अंदाज बदलतो, मोरपंखी आली की पुन्हा बदलतो. त्यात दारातून ऊन आणि वरून ट्यूबचा निळसर उजेड. रील पाहून गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘ही ती साडी नाही.’ ते खोटं बोलत नसतं. अशा वेळी आधी एकच उजेड ठेवावा: एक तर दारापाशी ट्यूब बंद करून, नाहीतर आत शटर अर्धं ओढून. मग गादीवर पांढरा कागद ठेवून प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्सचा आकडा तो कागद पांढरा दिसेपर्यंत हलवावा आणि तिथेच बांधावा. शेवटी खरी साडी फोनशेजारी धरून, मालकाला दाखवून खात्री करावी. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यावर दुकानाची पत अवलंबून असते.

मालक बोलणार असेल तर माईक लागतो. नसेल तर दुसऱ्या फोनवर व्हॉइस रेकॉर्डर लावून तो त्याच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायला सांगायची. एडिट करताना हात मिटल्याची फ्रेम आणि टाळीचा आवाज जुळवला की सगळं बोलणं ओठांशी जुळतं. साडीचं नाव आणि किंमत लिहायची ती अगदी खाली किंवा उजव्या कडेला लिहू नये, तिथे इन्स्टाग्रामची बटणं आणि मजकूर येतो. फॉन्टही पाहून घ्यावा. काही फॉन्टमध्ये ‘प्युअर’ किंवा ‘कॉटन मिश्र’ लिहिलं की जोडाक्षरं सुटी पडतात. मुक्त किंवा बलू हे एक टाइपचे मोफत देवनागरी फॉन्ट व्हीएनमध्ये घालता येतात.

शाळेच्या संमेलनात मागे चमकता एलईडी पडदा असतो आणि पुढची मुलं काळी येतात. तिथेही कुलूप मुलांच्या चेहऱ्यावरच लावायचं, पडदा पांढरा पडला तरी चालेल. फोन आडवा धरावा, कारण प्रत्येक आईला कडेला उभं असलेलं आपलं लेकरू पाहायचं असतं. आणि कॅमेरा काढण्याआधी मुख्याध्यापकांना विचारून घ्यावं की पालकांची लेखी संमती आहे का आणि ती कशासाठी आहे. पालकांच्या ग्रुपवर पाठवणं आणि सगळ्यांना दिसेल असं टाकणं, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. ज्यांच्या घरून नकार आहे, त्या मुलांची नावं आणि नाचातली जागा वर्गशिक्षिकेकडून आधीच घेऊन ठेवली की एडिटिंगच्या वेळी शोधाशोध होत नाही.

गाण्याचा प्रश्न शेवटी उरतोच. लग्नात गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण ते गाणं व्हिडिओला जोडून इंटरनेटवर टाकायला ती सूट लागू होत नाही. त्यामुळे रील मूळ आवाजासकट तयार करावं आणि गाणं हवंच असेल तर नवरा-नवरीने आपल्या खात्यावरून इन्स्टाग्रामच्या यादीतलं लावावं. दुकानाच्या व्यावसायिक खात्याला बरीचशी चित्रपटगीतं त्या यादीत मिळतच नाहीत, हे मालकाला काम घेतानाच सांगावं. फाइल १०८० × १९२० मध्ये, ३० फ्रेमनी काढून व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून गेली की व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं, आणि एवढ्या निगुतीने सांभाळलेला शालूचा पोत पहिल्यांदा तिथेच जातो.