आजीला वाचून दाखवता येईल असं पत्र

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातल्या कित्येक गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको मिळून पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकात जातात, ते गाळप संपल्यावरच, मार्च-एप्रिलात परततात. गावात विचारलं तर उत्तर मिळतं, ‘आई-बाप कारखान्याला गेलेत.’ काही मुलं त्यांच्याबरोबर फडावर जातात आणि त्यांची शाळा बुडते. काही मुलं गावात आजीकडे राहतात.

अशाच एका गावात चार-पाच जणांची एक छोटी संस्था आहे, असं समजू. मागे राहिलेल्या ४० मुलांना ती रोज संध्याकाळी जेवू घालते आणि दोन तास अभ्यासाला बसवते. हंगाम १५० दिवसांचा. संस्थेला दोन लाख रुपये हवे आहेत आणि त्यासाठी पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या लोकांना पत्र पाठवायचं आहे. संस्था आणि तिचे आकडे इथे नमुन्यादाखल घेतले आहेत, पण हे पत्र लिहिताना येणारा पेच अनेक छोट्या संस्थांना ठाऊक आहे.

पहिला मसुदा बहुतेक वेळा असा उतरतो: ‘तुम्ही कुटुंबासोबत फराळाचा आनंद घेत असाल, तेव्हा ही चिमुकली उपाशीपोटी झोपत असतील. तुमच्या एका हॉटेलच्या बिलात एका मुलाचं आयुष्य बदलू शकतं. सढळ हाताने मदत करा.’

या तीन वाक्यांत तीन दोष आहेत. मुलं उपाशी झोपतात हे खरं नाही. आजी भाकरी करते, पण शेतातून दमून आलेल्या आजीला रोज दोन्ही वेळेला पुरेसं आणि वेगवेगळं रांधणं झेपत नाही. खरी अडचण ती आहे. फराळ आणि हॉटेलचं बिल यांचा मुलांशी काहीच संबंध नाही. वाचणाऱ्याला ओशाळवाणं वाटावं एवढ्यासाठीच ते पत्रात आले आहेत. आणि संध्याकाळच्या जेवणाने आयुष्य बदलतं, असं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. त्या जेवणाने मूल संध्याकाळी पोटभर जेवतं आणि मोठ्या माणसांच्या नजरेखाली राहतं, एवढं मात्र नक्की सांगता येतं.

असा मसुदा वाईट हेतूने लिहिला जात नाही. एका मुलाच्या गोष्टीने हात खिशाकडे जातो आणि आकड्यांनी जात नाही, हा अनुभव खराच आहे. अमेरिकेतल्या डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक या अभ्यासकांनी २००७ साली त्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी झालेल्यांना पाच डॉलर देऊन त्यातले किती दान कराल, असं विचारलं होतं. आफ्रिकेतल्या उपासमारीचे फक्त आकडे वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची हकिकत वाचलेल्यांनी २.३८ डॉलर दिले. ज्यांना रोकियाची हकिकत आणि आकडे दोन्ही एकत्र वाचायला दिले, त्यांचं दान १.४३ डॉलरवर घसरलं.

म्हणून संस्थेने एका मुलाबद्दल लिहावं, यात गैर काही नाही. प्रश्न पडतो तो त्या मुलाला कसं दाखवायचं याचा. यासाठी एक साधी कसोटी आहे: छापायला जाण्याआधी पत्र त्या मुलाच्या आजीसमोर मोठ्याने वाचायचं. ‘उपाशीपोटी’ या शब्दाशी आजीची मान खाली गेली, तर तो शब्द काढायचा. ‘पोरगं माझ्याजवळ असतं, पण सांजच्याला मला व्हत नाही’ असं ती म्हणाली, तर तेच पत्रात घालायचं. त्याहून नेमकं वर्णन शहरात बसून कुणाला सुचणार नाही.

फोटोलाही हीच कसोटी. रिकामी थाळी पुढे करून वर पाहणारं मूल टिपलेला फोटो घेणाऱ्याला सोपा असतो, पण ते मूल दहा वर्षांनी आपल्याच गावात तो फोटो पाहणार असतं. बालगृहातली मुलं, अत्याचाराला बळी पडलेली मुलं किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुलं असतील, तर ओळख पटेल असं काहीही छापायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ने बंदी आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. इतर मुलांच्या बाबतीतही पालकांना विचारल्याशिवाय फोटो घेऊ नये. नाव बदललं असेल तर पत्रात तसं लिहावं. तीन मुलांच्या हकिकती जोडून एक मूल उभं केलं असेल, तर तेही सांगावं. चुलीवरची कढई, ओळीने मांडलेल्या ताटल्या, पाठमोरी बसलेली मुलं एवढ्यानेही काम दिसतं.

आता हिशेब पाहू. एका मुलाच्या एका जेवणाला २८ रुपये लागतात. ४० मुलं, १५० दिवस, म्हणजे १,६८,००० रुपये. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना पाच महिन्यांचे ३०,००० रुपये, अभ्यास घेणाऱ्या ताईंना ३५,००० रुपये. गॅस आणि भांड्यांसाठी १७,००० रुपये, हिशेब लिहिणं आणि लेखापरीक्षण यासाठी १०,००० रुपये. एकूण २,६०,०००. गावाने ४०,००० रुपयांचं धान्य कबूल केलं आहे, मागच्या वर्षीचे २०,००० शिल्लक आहेत. राहिले दोन लाख.

पत्रात कात्री पहिल्यांदा लागते ती शेवटच्या दहा हजारांना. लेखापरीक्षणासाठी कोण पैसे देईल, या भीतीने संस्था ती रक्कम ‘मुलांच्या खर्चा’त मिसळून टाकतात. भीती अगदीच निराधार नाही. २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात दिसलं की, व्यवस्थापनाचा खर्च आधीच एका मोठ्या देणगीदाराने उचलला आहे असं सांगितलं, तर बाकीच्या लोकांमधून अधिक जण देणगी देतात. छोट्या संस्थेला यातून सरळ वाट सापडते. विश्वस्तांपैकी कुणी किंवा एखाद्या जवळच्या स्नेह्याने हे दहा हजार द्यावेत आणि पत्रात तसं लिहावं. तसं कुणी नसेल, तर रक्कम आहे तशी दाखवावी. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला हिशेब तपासून घ्यावेच लागतात, त्यामुळे हा खर्च लपवण्याजोगा नाही.

२,६०,००० ला ४० ने भागलं की ६,५०० येतात. ‘६,५०० रुपयांत एका मुलाचा हंगाम’ ही ओळ बरोबर आहे आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात राहते. पण याच्या एक पाऊल पुढे गेलं की घसरण सुरू होते: ‘तुमचे ६,५०० रुपये सोनूसाठी.’ पैसे एकाच खात्यात जमा होतात, एकाच पातेल्यात शिजतात. एका नामांकित संस्थेची गोष्ट इथे उपयोगी आहे. अमेरिकेतली ‘किवा’ ही संस्था लोकांकडून छोट्या व्यावसायिकांसाठी कर्जाऊ पैसे जमवते. आपण निवडलेल्या व्यक्तीलाच आपले पैसे मिळतात, असं तिच्या मांडणीवरून वाटे. २००९ साली डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने दाखवून दिलं की, बहुतेक वेळा त्या व्यक्तीला कर्ज आधीच दिलेलं असतं. किवाने काही दडवलं नव्हतं, खोलात शिरणाऱ्याला ते सापडत होतं. तरी संस्थेला आपली मांडणी बदलून सगळं अधिक स्पष्ट करावं लागलं. बीडच्या संस्थेने एकच वाक्य जोडावं: ‘ही सरासरी आहे, आपली देणगी सगळ्या मुलांच्या एकत्रित खर्चात जाईल.’

करसवलतीच्या ओळीतही नकळत अतिशयोक्ती होते. ‘८०जी खाली ५० टक्के सूट’ असं वाचलं की निम्मे पैसे परत मिळतील, असा समज होतो. प्रत्यक्षात देणगीची निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. ६,५०० दिले, तर ३,२५० वजा होतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यामुळे ६५० रुपये वाचतात, उपकर धरला तर ६७६. तेही जुनी करप्रणाली निवडली असेल तर. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. २,००० रुपयांच्या वरची देणगी रोख दिली, तरीही ती मिळत नाही. परदेशातल्या मराठी मंडळींना पत्र जाणार असेल, तर आणखी एक गोष्ट: भारतीय पासपोर्ट असलेले अनिवासी बँकेमार्फत देणगी देऊ शकतात, परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून ती घ्यायला एफसीआरएखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

‘फूल ना फुलाची पाकळी’ आणि ‘सढळ हाताने’ हे शब्दप्रयोग प्रेमळ आहेत, पण किती द्यायचं हे त्यांतून कळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभारला तेव्हा मागणी नावातच होती: एक पैसा. त्या फंडातून तळेगावला काच कारखाना निघाला. मागणारा नेमकं बोलला की देणाऱ्याला निर्णय घेणं सोपं जातं आणि नाही म्हणणंही.

तर दुसरा मसुदा असा होतो:

‘सप्रेम नमस्कार. आमच्या गावातल्या ४० मुलांचे आई-वडील ऊसतोडीला गेले आहेत. मुलं आजी-आजोबांकडे राहतात. एक आजी म्हणाल्या, “पोरगं माझ्याजवळ असतं, पण सांजच्याला मला व्हत नाही.” आम्ही मुलांना १५० दिवस संध्याकाळचं जेवण देतो आणि अभ्यास घेतो. एकूण खर्च २,६०,००० रुपये. तपशील मागे दिला आहे. गावाचं धान्य आणि शिल्लक धरून दोन लाख कमी पडतात. एका मुलाचा हंगामाचा सरासरी खर्च ६,५०० आहे. आपली देणगी सगळ्या मुलांच्या एकत्रित खर्चात जाईल. ५०० रुपयांचीही मदत होईल. यंदा जमत नसेल तरी काही हरकत नाही. मे महिन्यात हिशेब सगळ्यांना पाठवू.’

‘जमत नसेल तरी’ हे वाक्य लिहायला विश्वस्त कचरतात. पण ज्याला पुन्हा पुढच्या वर्षी पत्र पाठवायचं आहे, त्याला अवघडून टाकलं की तो पाकीट उघडायचंच सोडतो.

मे महिन्यातलं पत्र या सगळ्याची परीक्षा घेतं. समजा, दोन लाख जमले पण सहा मुलं ऐनवेळी आई-वडिलांबरोबर फडावर गेली आणि जेवायला ३४ च राहिली. सहा मुलांचे १५० दिवसांचे, २८ रुपयांप्रमाणे, २५,२०० रुपये उरले. पत्रात हे जसंच्या तसं लिहायचं: ३४ मुलं, २५,२०० शिल्लक, पुढच्या हंगामासाठी खात्यात. ती सहा मुलं का गेली, हेही लिहायचं.

मदतीचं पत्र तुमच्या हाती येईल तेव्हा त्यात रक्कम, दिवस आणि माणसांची संख्या शोधा. देणगी दिलीत, तर पावतीबरोबर आयकर खात्याच्या पोर्टलवरून निघणारं देणगी प्रमाणपत्र मागा आणि हंगाम संपल्यावर हिशेबाचं पत्रही मागा.