पगारातून फिटणारी उचल

जून उजाडला की लहान कारखान्यांच्या ऑफिसात उचल मागायला माणसं येऊ लागतात. कुणाला मुलांच्या कॉलेजची फी भरायची असते, कुणाला पावसाआधी घराचे पत्रे बदलायचे असतात. मालक हो म्हणतो, हप्ता ठरतो, पैसे दिले जातात. बोलण्यात व्यवहार इतका सोपा वाटतो की तो वहीत कसा लिहायचा याचा विचार कुणी करत नाही. मग डिसेंबरात कामगार म्हणतो, "साहेब, माझी उचल फिटली," आणि खातं दाखवतं की सगळी रक्कम अजून येणं आहे. अशा वेळी कामगारावर संशय घेण्याआधी नोंदी तपासाव्यात. चूक बहुतेक करून तिथेच सापडते.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतली एखादी फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. तिथल्या एका मोल्डरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 24,000 रुपये होतात. जूनमध्ये त्याने 30,000 रुपये उचल घेतली. जुलैपासून दरमहा 5,000 प्रमाणे सहा हप्त्यांत ती फेडायची आणि व्याज नाही, असं ठरलं. ठरलं ते अर्जावर लिहून त्याची सही घ्यावी. पुढे पगारातून होणाऱ्या प्रत्येक कपातीला आधार तोच कागद असतो.

पैसे दिले त्या दिवशीची नोंद अशी: 'कर्मचारी उचल' या खात्याला 30,000 नावे, बँकेला 30,000 जमा. पगार खर्चाच्या खात्याला इथे हात लावायचा नाही. पैसे गेले, पण खर्च झालेला नाही. ते परत यायचे आहेत, म्हणून ही उचल येण्यांत बसते आणि ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दिसते. टॅलीमध्ये हे खातं `Loans & Advances (Asset)` या गटाखाली उघडतात. ज्या कामगारांनी उचल घेतली आहे, त्या प्रत्येकाचं खातं वेगळं हवं. सगळ्यांची मिळून एकच बाकी ठेवली, तर कुणाकडे किती राहिले ते शोधण्यात पुढे दिवस जातो.

आता जुलैचा पगार. मोल्डर पूर्ण महिना कामावर होता, म्हणून त्याची कमाई 24,000. भविष्यनिर्वाह निधी 15,000 रुपयांच्या मर्यादेवर 12 टक्के, म्हणजे 1,800. व्यवसाय कर 200. उचलीचा हप्ता 5,000. सगळं वजा जाता हातात 17,000. नोंद करताना पगार खर्च 24,000 नावे टाकायचा. जमेच्या बाजूला देय भविष्यनिर्वाह निधी 1,800, देय व्यवसाय कर 200, कर्मचारी उचल 5,000 आणि देय पगार 17,000 येतात. बँकेतून पगार गेला की देय पगार 17,000 नावे, बँक 17,000 जमा. निधीतला मालकाचा हिस्सा हा वेगळा खर्च, त्याची नोंदही वेगळी.

सगळी मेख या एका नोंदीत आहे. कामगाराच्या हातात सतरा हजार पडले, तरी कारखान्याचा पगारखर्च पुरा चोवीस हजार. त्याने महिनाभर काम केलं ते चोवीस हजारांचं. त्यातले पाच हजार त्याला जूनमध्येच मिळाले होते, एवढंच. निधी आणि करही हप्ता वजा करून उरलेल्या रकमेवर नाही, तर पुऱ्या कमाईवर ठरतात.

घाईत काय होतं, तर बँकेतून गेले तेवढेच पगारखर्चात टाकले जातात. सतरा हजार पगार आणि कपातीचे दोन हजार मिळून खर्च 19,000 दिसतो आणि उचलीचं खातं जागचं हलत नाही. सहा महिने असं चाललं, तर खर्च 30,000 ने कमी आणि नफा तेवढाच फुगलेला. शिवाय माणसाने फेडलेली उचल त्याच्याच नावावर उभी. ही चूक ओळखायला पगारपत्रकातली एकूण कमाईची बेरीज आणि पगार खात्याचा आकडा दर महिन्याला शेजारी ठेवून पाहावेत. पाच हजारांचा फरक पहिल्याच महिन्यात दिसतो.

दुसरी चूक जास्त फसवी. 'उचल कपात' नावाचं नवं खातं उघडून ते निधी आणि कराच्या रांगेत देण्यांत टाकलं जातं. निधी आणि कर आपण बाहेर भरायचे असतात, म्हणून ती देणी आहेत. हप्ता मात्र कुणालाच द्यायचा नसतो. या घोळात नफा बरोबर येतो, पगाराच्या बेरजा जुळतात, पण शेवटी एका बाजूला 30,000 येणं आणि दुसऱ्या बाजूला 30,000 देणं, अशी दोन खोटी खाती समोरासमोर उभी राहतात. देण्याच्या यादीत ज्याला देणेकरीच नाही अशी रक्कम महिन्यागणिक वाढत असेल, तर हेच झालेलं असतं.

ऑगस्टअखेर आपल्या मोल्डरकडे 20,000 राहिले. सप्टेंबरात तो आजारी पडला, रजा शिल्लक नव्हती आणि तीसपैकी पंधराच दिवस भरले. कमाई 12,000. त्यावर निधी 1,440 आणि व्यवसाय कर 200. हप्ता पाच हजारांचाच ठेवला, तर कपात 6,640 होते. इथे कायदा आडवा येतो. 1936 चा वेतन प्रदान कायदा घ्या की 2019 ची वेतन संहिता, एकूण कपात साधारणपणे वेतनाच्या 50 टक्क्यांवर जाता येत नाही. म्हणजे सहा हजारांच्या वर नाही, आणि हप्ता जास्तीत जास्त 4,360. पण आजारातून उठलेल्या माणसाच्या घरी सहाच हजार पाठवणं मला बरोबर वाटत नाही. कायद्याने दिलेली ती कमाल मर्यादा आहे, तेवढं कापलंच पाहिजे असं नव्हे. समजा मालकाने 2,000 च कापले. मोल्डरला 8,360 मिळाले आणि बाकी 18,000 झाली.

हा बदल अर्जाच्या कागदावर लिहायचा आणि पगारपत्रकातही करायचा, कारण त्याचा परिणाम शेवटी दिसतो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे पाच-पाच हजार गेले की बाकी उरते 3,000. जानेवारीत तेवढेच कापायचे. प्रणालीत हप्ता 5,000 असा कायमचा भरून ठेवला असेल, तर ती जानेवारीतही पाच हजार कापते आणि खात्यात 2,000 उलटी, जमेची बाकी दिसते. उचलीच्या खात्यात जमेची बाकी म्हणजे कारखानाच कामगाराचं देणं लागतो. पुढच्या पगाराची वाट न पाहता ते पैसे त्याला लगेच परत करावेत. हे टाळायचं, तर पगार करायच्या आधी खात्यातली बाकी बघावी आणि ठरलेला हप्ता व उरलेली बाकी यांतली लहान रक्कम कापावी. पगाराच्या पावतीवरही हप्त्याखाली शिल्लक बाकी छापावी, म्हणजे कामगार स्वतःच ती ताडून पाहू शकतो.

मोल्डरने मध्येच नोकरी सोडली, समजा नोव्हेंबरचा पगार झाल्यावर, तर 8,000 बाकी असतात. शेवटच्या हिशेबात शिल्लक देण्यातून मर्यादा पाळून ते वळते करतात आणि उरलेल्यासाठी त्याच्याकडून लेखी घेतात. प्रयत्न करूनही जे येत नाही, ते बुडीत खात्याला नावे आणि कर्मचारी उचलीला जमा. उचलीतला एखादा रुपया खर्च म्हणून लिहायचा, तर तो फक्त इथे.