शब्दांच्या जोडीत मुख्य कोण?

बालमित्रांनो, संस्कृतात एक जुने गमतीदार सुभाषित आहे. त्यात एक गरीब माणूस राजाला सांगतो की महाराज, तुम्हीही लोकनाथ आणि मीही लोकनाथ! राजा चकित होतो. अंगावर धड कपडा नसलेला हा माणूस आपल्या बरोबरीला कसा? त्यावर तो म्हणतो, फरक आहे तो फक्त समासाचा.

आता समासाने राजा आणि भिकारी कसे काय वेगळे होतील? ते समजायला आपण आधी एक सोपा प्रश्न विचारायला शिकू. दोन शब्दांची जोडी जमली की त्यांतला मुख्य कोण? व्याकरणात जोडीतल्या प्रत्येक शब्दाला ‘पद’ म्हणतात. मुख्य पद सापडले की समास आपोआप ओळखता येतो.

‘बैलगाडी’ घ्या. पहिली कसोटी अशी : ही वस्तू जोडीतल्या कुठल्या पदाचा प्रकार आहे? बैलगाडी हा बैलाचा प्रकार की गाडीचा? अर्थात गाडीचा. दुसरी कसोटी क्रियापदाची. बैल पुल्लिंगी, गाडी स्त्रीलिंगी. आपण काय म्हणतो? “बैलगाडी आली.” गाडी ओढतो बैल, पण क्रियापद ऐकते गाडीचे! अनेकवचन करा. ‘बैलगाड्या’ झाले. बदल झाला तो गाडीतच, बैल जिथल्या तिथे उभा. तेव्हा मुख्य पद गाडी. असे दुसरे पद मुख्य असते तो तत्पुरुष समास. राजवाडा, देवघर, चुलतभाऊ ही सगळी याच घरातली मंडळी. राजवाडा हा वाडाच, देवघर हे घरच आणि चुलतभाऊ हा भाऊच.

आता ‘भाऊबहीण’ पाहा. भाऊबहीण हा भावाचा प्रकार नाही आणि बहिणीचाही नाही. दोघेही तेवढेच महत्त्वाचे. मध्ये ‘आणि’ घालून बघा, अर्थ तसाच राहतो. क्रियापदही तेच सांगते. शेवटचे पद ‘बहीण’ असले तरी आपण “भाऊबहीण आली” म्हणत नाही, “भाऊबहीण आले” म्हणतो. एक भाऊ अधिक एक बहीण, म्हणून अनेकवचन. हा द्वंद्व समास. द्वंद्व म्हणजे जोडी.

पण इथे जरा जपायला हवं बरं का! “भाजीपाला महागला” या वाक्यात क्रियापद पुल्लिंगी एकवचनी आहे, म्हणजे ते ‘पाला’ या पदाप्रमाणे चालले. म्हणून पाला मुख्य मानायचा का? मुळीच नाही. आई बाजारातून भाजीपाला आणते तो काही पाल्याचा प्रकार नसतो. त्यात वांगी, भेंडी, कोथिंबीर, मिरच्या असे सगळेच येते. दोन पदे मिळून एक सबंध गट सांगतात, म्हणून हाही द्वंद्वच, फक्त त्याचे नाव समाहार द्वंद्व. तेव्हा क्रियापदाची कसोटी एकटी वापरू नका. आधी “हा कशाचा प्रकार?” हे विचारा, मग क्रियापदाकडे वळा.

खरी गंमत पुढे आहे. ‘लंबोदर’ म्हणजे लांब आणि उदर. उदर म्हणजे पोट. लंबोदर हा पोटाचा प्रकार आहे का? नाही, तो तर गणपतीबाप्पा! उदर नपुंसकलिंगी आहे, पण आपण “लंबोदर आले” असे एकवचनात म्हणत नाही, “लंबोदर आला” म्हणतो. हे पुल्लिंग आले कुठून? जोडीच्या बाहेर उभ्या असलेल्या गणपतीकडून! दोन्ही पदांपैकी एकही मुख्य नाही, मुख्य आहे तो तिसराच. म्हणून विग्रहही तसाच करावा लागतो : ‘लंब आहे उदर ज्याचे तो’. असा समास म्हणजे बहुव्रीही.

आपल्या रोजच्या बोलण्यातली ‘चारचाकी’ तशीच. चाक नपुंसकलिंगी, पण “चारचाकी आली” असे आपण म्हणतो, कारण चार चाके जिला आहेत ती गाडी आपल्या मनात असते. लंबोदराजवळ उदर आहे, चारचाकीला चाके आहेत. दोन्हीकडे काहीतरी जवळ असण्याचा अर्थ आहे.

पण मुख्य पद बाहेर असले की असा अर्थ असतोच, असेही नाही. शेतकऱ्याच्या घरातला ‘सातबारा’ घ्या. हा ना साताचा प्रकार, ना बाराचा. गावनमुना ७ आणि गावनमुना १२ यांचा तो एकत्र उतारा. इथेही ‘उतारा’ हा शब्द जोडीच्या बाहेरच राहिला, पण लंबोदराजवळ जसे उदर आहे तसे कुणाजवळ काही असल्याचे हा शब्द सांगत नाही.

मुले परीक्षेत चुकतात ती नेमकी बहुव्रीहीत. ‘गजानन’चा विग्रह ‘गजाचे आनन’ एवढाच लिहितात आणि पुढे ‘तत्पुरुष’ लिहून मोकळी होतात. आनन म्हणजे मुख. ‘गजाचे आनन’ म्हणजे नुसते हत्तीचे तोंड झाले! गणपती राहिला कुठे? म्हणून ‘गजाच्या आननासारखे आनन आहे ज्याचे तो’ इथपर्यंत जायलाच हवे. पालकांनी अभ्यास घेताना एवढेच विचारावे, “मग या शब्दाचा अर्थ तोंड आहे का?” मूल आपले आपणच पुढे सरकेल.

या समासांची नावेही मोठी हुशारीने ठेवलेली आहेत. ‘तत्पुरुष’ म्हणजे त्याचा पुरुष, म्हणजे त्याचा माणूस. हा माणूसच, म्हणजे हे नावच तत्पुरुष समासाचे उदाहरण! ‘व्रीहि’ म्हणजे भात, तांदूळ. ‘बहुव्रीहि’ म्हणजे पुष्कळ तांदूळ नव्हे, तर पुष्कळ तांदूळ ज्याच्याकडे आहे तो, सधन माणूस. हे नाव बहुव्रीही समासाचे उदाहरण. आज जगभरचे भाषाशास्त्रज्ञ इंग्रजीतही ‘बहुव्रीहि’ हे संस्कृत नाव वापरतात.

चला, आता राजाच्या दरबारात परत. ‘लोकनाथ’ला पहिली कसोटी लावा. राजा हा नाथ आहे का? हो. लोकांचा नाथ तो लोकनाथ. दुसरे पद मुख्य, म्हणजे तत्पुरुष. भिकारी नाथ आहे का? छे! त्याच्याबाबतीत ‘लोक आहेत नाथ ज्याचे तो लोकनाथ’. सगळे लोकच त्याचे पोशिंदे. मुख्य अर्थ जोडीच्या बाहेर, म्हणजे बहुव्रीही. अक्षरे तीच, पण एक लोकांना सांभाळतो आणि दुसऱ्याला लोक सांभाळतात! म्हणून शब्द एकटा बघून समास सांगू नये. वाक्यात तो कुणासाठी आला आहे, हे आधी पाहावे.

(पहिले पद मुख्य असलेला अव्ययीभाव समास आज मुद्दाम बाजूला ठेवला आहे.)

आता तुमची पाळी. पुढच्या शब्दांत मुख्य कोण ते शोधा : १) पाणचक्की २) सासूसासरे ३) चक्रपाणी ४) पीतांबर.

उत्तरे : १) चक्की मुख्य, तत्पुरुष. २) दोन्ही मुख्य, द्वंद्व. ३) इथे पाणी प्यायचे नाही! पाणि म्हणजे हात. चक्र आहे हातात ज्याच्या तो विष्णू, बहुव्रीही. ४) “पीतांबर नेसला” म्हटले तर पिवळे वस्त्र. तिथे अंबर, म्हणजे वस्त्र, मुख्य. म्हणून तत्पुरुषाचाच एक प्रकार, कर्मधारय. “पीतांबर प्रसन्न झाला” म्हटले तर पिवळे वस्त्र नेसणारा विष्णू, म्हणून बहुव्रीही. चौथ्याची दोन्ही उत्तरे सांगितलीत? मग शाबास!