बॉक्स फाइलमधली हजार पानं शोधता येतील अशी कशी करायची? (मराठी ओसीआर, अख्खा गठ्ठा एकदम)

झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, स्कॅनिंग असं काम करणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे. व्हिडिओमध्ये मी स्क्रीनवर करून दाखवलंय, पण कमांड बघून बघून टाईप करणं त्रासाचं असतं. म्हणून इथे सगळं लिहून देतोय आणि माझी एक चूकही सांगतोय, जी तुम्ही करू नका.

गोखिवऱ्यातल्या माझ्या दुकानात एका सोसायटीचे सेक्रेटरी काका सात बॉक्स फाइल घेऊन आले. सभांची इतिवृत्तं, नोटिसा, बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार, बिलं, अशी साधारण अकराशे पानं. काही मराठी, काही इंग्रजी, बरीचशी मिक्स. त्यांना मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करायचा होता. काका म्हणाले, "स्कॅन तर कोणीही करून देतं हो. पण मला त्यात शब्द टाकून शोधता आलं पाहिजे. ठराव कुठल्या सभेत झाला हेच आठवत नाहीये."

इथेच आपला धंदा आहे. नुसता स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो, त्यात कंट्रोल एफ दाबून काही सापडत नाही. ओसीआर त्या फोटोतली अक्षरं ओळखतं आणि प्रत्येक शब्द पानावर जिथे आहे, बरोबर तिथे न दिसणारा मजकुराचा थर ठेवतं. कागद दिसतो तसाच दिसतो, शिक्का-सहीसकट, पण शोध लागतो. याला सर्चेबल पीडीएफ म्हणतात.

आधी स्कॅन नीट करा

स्कॅन ३०० डीपीआयवर आणि ग्रेस्केलमध्ये करा. ब्लॅक अँड व्हाइट घेऊ नका. फाइल छोटी होते हे खरं, पण फिकट टाईपातला अनुस्वार, रफार, वेलांटीची बारीक रेघ उडून जाते. इंग्रजीत एक ठिपका गेला तरी शब्द बहुतेक वेळा कळतो, मराठीत "बांध"चा "बाध" होतो. ६०० डीपीआयची गरज फक्त अगदी बारीक छपाईला. नाहीतर चौपट पिक्सेल होतात आणि वेळ वाया जातो.

सगळ्यात जास्त वेळ मशीनला नाही, पिना काढायला लागतो. आमचे दोन दिवस पिना काढण्यात, दुमडलेले कोपरे सरळ करण्यात आणि चिकटलेली पानं सोडवण्यात गेले. रेट सांगताना हे काम वेगळं धरा. नाहीतर "एका पानाचे इतके" म्हणून बसाल आणि तोटा होईल.

एका फाइलची एकच मोठी पीडीएफ करू नका. एका सभेची किंवा एका महिन्याची एक पीडीएफ करा आणि नावात आधी वर्ष, मग महिना टाका, म्हणजे यादी आपोआप तारखेने लागते.

सॉफ्टवेअर फुकट आहे

अक्षरं ओळखणारं इंजिन आहे टेसरॅक्ट. हे १९८५ च्या सुमारास एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरू झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं. मराठीसाठी त्याची वेगळी फाइल येते. त्याच्यावर बसतं ओसीआरमायपीडीएफ. ते पीडीएफमधलं एकेक पान टेसरॅक्टला देतं आणि परत जोडून सर्चेबल पीडीएफ बनवतं. दोन्ही आपल्याच कॉम्प्युटरवर चालतात. सोसायटीच्या फाइलमध्ये लोकांचे पॅन आणि आधार नंबर असतात. ते कुठल्या फुकट वेबसाइटवर अपलोड होत नाहीत, हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा.

उबुंटू असेल तर थेट, आणि विंडोज असेल तर आधी `wsl --install` करून त्यातल्या उबुंटूमध्ये हे टाका:

```
sudo apt update && sudo apt install ocrmypdf tesseract-ocr-mar
tesseract --list-langs
```

दुसऱ्या ओळीने जी यादी येते त्यात `mar` आणि `eng` दोन्ही दिसले पाहिजेत. `mar` नसेल आणि तुम्ही तसंच पुढे गेलात, तर भाषा सापडत नाही असं सांगून खालची कमांड प्रत्येक फाइलीवर अडेल.

आता `scan` फोल्डरमध्ये सगळ्या पीडीएफ ठेवा आणि हे चालवा:

```
mkdir -p out txt
for f in scan/*.pdf; do
  b=$(basename "$f" .pdf)
  ocrmypdf -l mar+eng --rotate-pages --deskew \
    --sidecar "txt/$b.txt" "$f" "out/$b.pdf" \
    || echo "$b" >> failed.txt
done
```

यात काय होतं ते समजून घ्या. `mar+eng` म्हणजे दोन्ही भाषा वाच. `--rotate-pages` उलटं किंवा आडवं पान फिरवतं, `--deskew` तिरकं पान सरळ करतं. `--sidecar` प्रत्येक पीडीएफसोबत साध्या मजकुराची फाइल वेगळी देतं. एकदम सगळ्या फाइलींत शोधायला तीच कामाला येते. एखादी पीडीएफ अडली तर गठ्ठा थांबत नाही, तिचं नाव `failed.txt` मध्ये जातं. रात्री दुकान बंद करताना लावा आणि सकाळी आधी ती फाइल उघडून बघा.

अडलेल्या फाइली

आमच्या यादीत नऊ नावं आली होती. त्या स्कॅन नव्हत्याच. जुन्या सेक्रेटरींनी कॉम्प्युटरवर टाईप करून थेट बनवलेल्या पीडीएफ पेनड्राइव्हमधून आल्या होत्या. पानावर आधीच मजकूर आहे असं सांगून प्रोग्राम थांबतो. वाटतं, बरंच झालं, मजकूर आहेच ना!

पण थांबा. त्यातला एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. पूर्वी कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टाईप व्हायचं. तिथे पानावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी कीबोर्डची अक्षरं असतात. कृतिदेवमधलं "महाराष्ट्र" पेस्ट केलं की `egkjk"Vª` असं काहीतरी येतं. म्हणजे मजकूर असून शोधाला शून्य. अशा फाइलींना `--deskew` च्या पुढे `--force-ocr` जोडून परत चालवा. ते पानाचं चित्र करून नव्याने वाचतं. पेस्ट केल्यावर नीट मराठी आलं, तर मात्र त्या फाइलीला हात लावू नका.

माझी चूक

काम झालं. काका समोर बसले होते. मी ऐटीत शोधलं, "अभिहस्तांतरण". तीन नोटिसा सापडल्या, ठराव एकही नाही. मी म्हणून मोकळा झालो, "काका, असा ठराव झालेलाच नाहीये." काकांचा चेहरा उतरला. पुढच्या सभेत जाऊन तेच सांगणार होते बिचारे. त्यांच्या शब्दावर एका सभासदाने आधीच शंका घेतली होती.

संध्याकाळी मलाच चैन पडेना. मी त्या वर्षांची पानं डोळ्यांनी चाळली. ठराव होता! टाईप केलेला, व्यवस्थित. पण शब्द ओळीच्या शेवटी तुटून अर्धा खालच्या ओळीत गेला होता आणि फिकट छपाईमुळे अनुस्वारही गेला होता. ओसीआरने "अभि" वरच्या ओळीत आणि "हस्तातरण" खालच्या ओळीत वाचलं होतं. मी अख्खा, शुद्ध शब्द शोधत होतो. लगेच काकांना फोन करून माफी मागितली.

तेव्हापासून माझा नियम असा: सापडलं तर "आहे" म्हणायचं, पण नाही सापडलं तर "नाही" म्हणायचं नाही. "शोधात आलं नाही" एवढंच म्हणायचं.

आणि शोधायचं असं:

```
grep -lE "हस्तां?तर" txt/*.txt
grep -lE "गोखि?ी?वरे" txt/*.txt
```

पहिल्या ओळीत शब्दाचा मधला तुकडाच घेतलाय आणि प्रश्नचिन्हाने सांगितलंय की त्याच्या आधीचा अनुस्वार असला तर असू दे, नसला तरी चालेल. दुसरीत वेलांटी ऱ्हस्व असो, दीर्घ असो किंवा उडालेली असो, तिन्ही सापडतात. आकडेही दोन प्रकारे शोधा, "२०४" आणि "204", कारण जुन्या कागदांत दोन्ही असतात. आणखी एक आपल्याकडची गोष्ट. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीच्या कागदांवर वसईचा पत्ता "जि. ठाणे" असतो. "पालघर" टाकून २०११ चं पत्र शोधत बसू नका.

गिऱ्हाइकाला देण्याआधी तपासणी

आधी ही ओळ चालवा:

```
wc -w txt/*.txt | sort -n | head
```

सगळ्यात कमी शब्द निघालेल्या फाइली वर येतात. आठ पानांच्या फाइलीत तीस शब्द असतील तर काहीतरी बिघडलंय. एकतर स्कॅन फिकट आहे, किंवा पानं कोरी आहेत, किंवा हस्ताक्षर आहे.

मग कुठलीही वीस पानं घ्या. प्रत्येक पानावरचे दहा शब्द डोळ्यांनी निवडा आणि त्या त्या फाइलीत शोधा. आमच्याकडे टाईप केलेल्या पानांवर २०० पैकी १८३ शब्द सापडले. शोधाला हे पुरतं, कारण एकच विषय पानात तीन-चारदा येतो. पण हा मजकूर टाईप केलेली प्रत म्हणून वापरायचा नाही. रकमेतला एक आकडा चुकला तरी वाद होतो, म्हणून रक्कम कायम मूळ पानाच्या चित्रावरूनच वाचायची.

हाताने लिहिलेल्या इतिवृत्त रजिस्टरवर जवळपास काहीच निघालं नाही. टेसरॅक्ट छापील अक्षरांसाठी आहे. तिथे मी प्रत्येक सभेची तारीख आणि विषय हाताने एका एक्सेलमध्ये टाकले, बाजूला पान क्रमांक दिला. त्याचे वेगळे पैसे घेतले आणि काकांनी ते आनंदाने दिले.

बिलात तीन ओळी ठेवा: पिना काढून स्कॅन, ओसीआर आणि तपासणी, हस्तलिखिताची यादी. खाली एक वाक्य लिहा, "शोधासाठी उपयुक्त, शब्दशः प्रत नाही." मोठं काम घेण्याआधी गिऱ्हाइकाच्याच गठ्ठ्यातली वीस पानं करून, वरची दोनशे शब्दांची तपासणी त्याच्यासमोर करा. त्या आकड्यावरून त्यालाही कळतं काय मिळणार आहे, आणि तुम्हालाही कळतं किती रेट सांगायचा.