पान मिटले, म्हणून वाचले नाही काय?

आपला लेख किती जणांनी वाचला, हे जाणण्याची उत्कंठा प्रत्येक लिहिणाऱ्यास असते. छापील अंकाच्या किती प्रती खपल्या एवढेच पूर्वी कळे. इंटरनेटवरील लेखाचे तसे नाही. तेथे वाचक आला केव्हा, थांबला किती, गेला केव्हा, याची नोंद यंत्र ठेवते. परंतु त्या आकड्यांचा अर्थ लावताना भलेभले फसतात. ते का, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, एका रोपवाटिकेने आंब्याचे कोयकलम कसे बांधावे यावर लेख लिहून आपल्या संकेतस्थळावर ठेवला. महिन्याभरात २०० जण थेट त्याच पानावर आले. पैकी ५० जण तेथून रोपांच्या किमतीच्या पानावर गेले. उरलेले १५० लेखाच्या पानावरूनच परतले. अशा परतणाऱ्यांच्या प्रमाणास ‘बाउन्स रेट’ म्हणतात. येथे ते शेकडा ७५ झाले. मालकाच्या पोटात गोळा आला, ‘चौघांतले तिघे पाठ फिरवून गेले!’

पण जरा थांबावे. ज्याला कलम बांधण्याची रीत हवी होती, तो दहा मिनिटे लक्षपूर्वक वाचून, समाधान पावून परतला, तरी जुन्या हिशेबात तो पाठ फिरवणाराच. कारण गूगल अ‍ॅनालिटिक्सची जुनी पद्धत दोन पाने उघडण्याच्या वेळांतील अंतर मोजीत असे. दुसरे पान उघडलेच नाही, तर वजाबाकी कशातून करावयाची? म्हणून त्या दहा मिनिटांची नोंद शून्य. ‘पानावरील सरासरी वेळ ३ मिनिटे’ असे मालकास दिसले, तेही केवळ पुढे गेलेल्या त्या ५० जणांचे. त्यांची एकूण १५० मिनिटे ५० ने भागली, एवढेच. बाकीच्या १५० वाचकांविषयी तो आकडा मुकाच होता.

ही जुनी पद्धत २०२३ च्या जुलैत बंद झाली. नव्या पद्धतीत वाचक १० सेकंदांहून अधिक थांबला, दुसरे पान उघडले, किंवा मालकाने महत्त्वाची ठरविलेली एखादी कृती केली, तर तो परतलेल्यांत धरला जात नाही. आमच्या उदाहरणातील १५० पैकी ९० जण १० सेकंदांहून अधिक थांबले असतील, तर परतलेले उरले ६०. म्हणजे शेकडा ३०. लेख तोच, वाचक तेच, आणि ७५ चे ३० झाले! तेव्हा २०२३ पूर्वीचा आकडा आजच्या आकड्याशेजारी मांडून ‘सुधारणा झाली’ म्हणणे ही निव्वळ स्वतःची फसवणूक होय.

वेळेची मोजणीही आता बदलली आहे. पान डोळ्यांपुढे उघडे असेल तेवढाच वेळ धरतात. तरीही फोन उघडा टाकून वाचक चुलीवरचे दूध पाहण्यास उठला, तर पडदा विझेपर्यंतचा तो वेळ वाचनातच जमा होतो.

वाचक पानावर किती खाली उतरला, याच्या मापास ‘स्क्रोल डेप्थ’ म्हणतात. नव्या पद्धतीत पानाच्या उंचीचा शेकडा ९० भाग ओलांडला की, एकदा नोंद होते. ध्यानात ठेवावे की, ही उंची पानाची, लेखाची नव्हे. लेखाखाली चित्रांची लांबलचक रांग असेल, तर शेवटचे वाक्य वाचणाराही ९० पर्यंत पोहोचत नाही. उलट तळाचा फोन क्रमांक शोधीत अंगठ्याने झरझर पान सरकविणारा, एक ओळ न वाचता पोहोचतो. खाली उतरणे आणि वाचणे एक नव्हे. म्हणून हा आकडा वेळेच्या जोडीने पाहावा. पुष्कळ लोक तळाशी पोहोचले, पण काही सेकंदांतच, तर ते वाचीत नव्हते, काहीतरी शोधीत होते.

शेवटी ‘कन्व्हर्शन’, म्हणजे ज्यासाठी पान केले ते काम वाचकाकडून होणे. येथे ते रोपांची मागणी. संकेतस्थळावरील अर्ज चौघांनी भरला. २०० पैकी ४, म्हणजे शेकडा २. परंतु रोपवाटिकेच्या वहीत फोनवरून आलेल्या ११ मागण्या होत्या. त्यांची नोंद यंत्रात कशी असणार? फोन क्रमांकावर बोट दाबल्याची नोंद ठेवण्याची सोय करता येते. पण तीही बोट दाबल्याची, बोलणे झाल्याची नव्हे. शिवाय पुढील महिन्यात ४ चे ६ अर्ज झाले, तर ‘दीडपट वाढ’ म्हणून हुरळून जाऊ नये. एवढ्या लहान संख्येत दोघांचा फरक सहज पडतो.

मग मालकाने करावे काय? आमच्या मते त्याने आधी पानाचा हेतू ठरवावा. रीत शिकविणारे पान असेल, तर वाचक तेथूनच परतला यात वावगे काहीच नाही. तेथे थांबण्याचा वेळ पाहावा. किमतीच्या पानावरूनच लोक परतत असतील, तर मात्र किंमत, मजकूर किंवा अर्ज यांत कोठे अडते ते शोधावे. आणि महिन्याच्या अखेरीस यंत्रातील आकडे आपल्या वहीशी ताडून पाहावेत. यंत्रास बोटाची हालचाल दिसते. कलम जगले की नाही, हे पुढल्या पावसाळ्यात पुन्हा रोपे मागणारा वाचकच सांगतो.