पहिल्या ऑर्डरचा नकाशा

शेजारच्या काकूंनी मोबाइलवरून पहिल्यांदा किराणा मागवला, तेव्हा मी वही घेऊन शेजारी बसलो होतो. ग्राहक-प्रवासाचा नकाशा असाच बनतो. आडव्या ओळीत टप्पे लिहायचे: ॲप उघडणे, पत्ता, शोध, पैसे, घरपोच माल. प्रत्येक टप्प्याखाली ग्राहकाचा संबंध कशाशी आला, मनात काय आलं आणि कुठे अडलं, हे नोंदवायचं. मनःस्थितीची रेघ त्यावरून वरखाली जाते.

तूरडाळ, कोथिंबीर पटकन सापडली. रेघ वर गेली. खरी घसरण पैशांच्या पडद्यावर झाली. सामान ४१२ रुपयांचं, पण पोहोचवण्याचे ३० आणि हाताळणीचे ९ धरून आकडा ४५१ झाला. काकूंचं बोट थांबलं. “हे कशाचे गं बाई?” असं पुटपुटत त्या दोनदा मागे गेल्या. अडचण ३९ रुपयांची नव्हती. ते शेवटी कळले, ही होती. हेच शुल्क टोपलीतच दिसलं असतं, तर त्यांनी आधीच हिशेब केला असता.

माल आला, तर कोथिंबीर नव्हती. पैसे परत येणार होते, पण कधी, हे कुठेच लिहिलं नव्हतं. रेघ पुन्हा खाली.

एका काकूंवरून सगळ्यांचं ठरवता येत नाही. असा नकाशा करायचा असेल, तर आणखी चार-पाच जणांजवळ बसा, मदत करू नका आणि बोट कुठे थांबतं ते लिहून घ्या.