फोटो सांगतो ते जागेवर घडलं का?

२२ मे २०२३. अमेरिकेतला शेअर बाजार नुकताच उघडला होता आणि ट्विटरवर एक फोटो झपाट्याने फिरू लागला. संरक्षण खात्याचं मुख्यालय असलेल्या पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचं त्यासोबत लिहिलेलं होतं. फोटोत एका मोठ्या इमारतीशेजारी काळ्या धुराचा लोट होता. फोटो पसरवणाऱ्यांत एका नामांकित वृत्तसंस्थेच्या नावाशी साधर्म्य असलेलं, निळी खूण मिरवणारं खातंही होतं. त्या संस्थेशी त्याचा काही संबंध नव्हता, कारण तोवर ही खूण पैसे भरून मिळू लागली होती. भारतातल्या एका वाहिनीनेही बातमी चालवली. शेअर निर्देशांक काही मिनिटं घसरला आणि मग सावरला. थोड्याच वेळात स्थानिक अग्निशमन दलाने कळवलं, की असा स्फोट झालेलाच नाही. फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला असल्याची चिन्हं त्यातच होती.

जाणकारांनी फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा कुंपणाच्या सळ्या मध्येच एकमेकींत विरघळल्यासारख्या दिसल्या. इमारतीची दर्शनी बाजू पेंटागॉनशी जुळत नव्हती. पण अशा खुणांवर फार काळ विसंबता येत नाही, कारण प्रत्येक नव्या आवृत्तीत त्या कमी होत जातात. खरा पुरावा फोटोच्या बाहेर होता. इतक्या वर्दळीच्या ठिकाणी स्फोट झाला असता, तर वेगवेगळ्या कोनांतून डझनभर व्हिडिओ आले असते, आवाज ऐकलेले लोक बोलले असते. इथे एकच फोटो होता आणि तो काढणारा कोणी पुढे येत नव्हता.

म्हणून वृत्तकक्षात पहिले प्रश्न हेच हवेत: हे सर्वांत आधी कोणी टाकलं? काढणाऱ्याशी बोलता येतं का? उपग्रह नकाशावर ती जागा सापडते का? दुसरा स्वतंत्र साक्षीदार आहे का? बनावट ओळखणारी सॉफ्टवेअर मदतीला घ्यावीत, पण ती फक्त शक्यता सांगतात. शिवाय व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलचा दर्जा घटलेला असतो, कॅमेऱ्याने नोंदवलेली माहितीही गळून गेलेली असते. त्यामुळे निकाल आणखी डळमळीत होतो. उत्तरं मिळेपर्यंत बातमी थांबवणं, हाच नियम.

दुसरा नियम वृत्तसंस्थांनी स्वतःसाठी घालून घ्यायचा आहे. २०२३ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने कोलंबियातल्या आंदोलनांवरील पोलिसी अत्याचार दाखवायला अशी चित्रं वापरली. चेहरे ओळखू येऊन आंदोलक अडचणीत येऊ नयेत, हा हेतू होता आणि चित्रांवर तशी सूचनाही होती. तरीही छायापत्रकारांनी टीका केली, कारण खऱ्या अत्याचाराच्या शेजारी बनावट चित्र ठेवलं, की अत्याचार नाकारणाऱ्याला आयतं हत्यार मिळतं. संस्थेला ती चित्रं मागे घ्यावी लागली. असोसिएटेड प्रेसचा त्याच वर्षीचा नियम यावर स्पष्ट आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटोत काही घालायचं नाही, काढायचं नाही. बनावट चित्र हाच बातमीचा विषय असेल तेव्हाच ते दाखवायचं, तेही ठळक सूचनेसह. माझ्या मते मराठी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी हा नियम लिखित स्वरूपात स्वीकारून वाचकांसमोर ठेवावा, म्हणजे तो मोडला तर वाचक जाब विचारू शकतील.